खुर्ची उचलणार कोण?

व्हीलचेअर घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "पेशंटचं वजन किती?" प्रश्न रास्तच आहे. साध्या खुर्चीवर साधारण 100 किलोंची मर्यादा लिहिलेली असते आणि आपल्याकडचे बहुतेक म्हातारे तिच्या आतच असतात. पण घरी आल्यावर महत्त्वाचं ठरतं ते खुर्चीचं वजन, कारण ती गाडीत चढवणारीही बहुधा सत्तरीचीच असते.

ठाण्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणू. काका 76 वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. घरात वॉकर धरून चालतात, पण दवाखान्यात किंवा लग्नकार्याला जायचं तर खुर्ची लागते. काकू 70 च्या. मुलगा बंगळुरात. लोखंडी फोल्डिंग खुर्ची 17-18 किलोंची असते, ॲल्युमिनियमची 12-13 ची. फरक पाचच किलोंचा दिसतो, पण ते वजन वाकून, हात लांब करून उचलावं लागतं, तेव्हा कमरेला तो चांगलाच कळतो. म्हणून पाय ठेवायच्या पट्ट्या काढता येणारी खुर्ची बघावी. त्या आधी काढल्या की वजन दीड-दोन किलोंनी उतरतं. मग घडी घातलेली खुर्ची डिकीच्या काठाला टेकवायची, आधी एक बाजू काठावर चढवायची आणि उरलेली आत ढकलायची. अशानं पूर्ण वजन एकदम हातावर येत नाही. मात्र उचलताना पक्का सांगाडाच धरावा. निघणारा हात किंवा पट्टी धरली तर तेवढीच हातात येते.

घडीबद्दल दुकानात दाखवतात ते एवढंच की सीट मधोमध वर ओढली, खुर्ची मिटली. मिटल्यावर रुंदी जेमतेम फूटभर उरते, पण उंची आणि लांबी तेवढीच राहते. काकांच्या गाडीला सीएनजी आहे, डिकीत टाकी. तिथे मोठ्या चाकांची खुर्ची मावणार नाही, ती मागच्या सीटवर जाणार, आणि मग मागे बसणाऱ्याची अडचण. पाठ मागे दुमडणारी खुर्ची इथे उपयोगी पडते. सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी दुकानापाशी नेऊन खुर्ची ठेवून बघावी, आणि ती काकूंनी ठेवावी, दुकानातल्या पोऱ्यानं नव्हे.

दुसरी अडचण दाराची. 18 इंची सीट आणि 24 इंची मागची चाकं असलेली खुर्ची बाहेरून 25-26 इंच भरते. आपल्या बाथरूमचं दार पुष्कळदा तेवढंच असतं, आणि उघडलेल्या फळीची जाडी त्यातून वजा होते. काका स्वतः चाक फिरवणार नसतील तर मोठी चाकं हवीत कशाला? मागून ढकलायच्या लहान चाकांच्या खुर्चीला बाजूची कडी नसते, त्यामुळे ती काही इंच अरुंद आणि हलकीही असते. तिची उणीव रस्त्यावर कळते. खडबडीत फुटपाथवर ती अडते आणि पायरीवर चढवताना जास्त जोर लागतो. मागची चाकं निदान 12 इंची असली तर बरं. ज्यांच्या हातात जोर आहे आणि ज्यांना स्वतः फिरायचंय, त्यांच्यावर मात्र ही खुर्ची लादू नये. दुसऱ्यानं ढकलल्याशिवाय जागचं हलता न येणं फार जाचक असतं.

वॉकर दोन-तीन किलोंचाच, त्यामुळे तिथे वजनापेक्षा उंची महत्त्वाची. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, की मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. वॉकर उंच असेल तर खांदे वर चढतात, बुटका असेल तर माणूस वाकतो. घडीचं बटण काकांच्या बोटांनी दाबून बघावं. संधिवात असेल तर बारीक बटण दाबलं जात नाही, तळव्यानं दाबायची पट्टी बरी. चारही पायांना चाकं आणि हाताला ब्रेक असलेला वॉकर दिसायला छान, पण तो पुढे पळतो. पार्किन्सन असलेल्यांना तो फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय देऊ नये.

आता दुकान. माझ्या मते खरी परीक्षा एकाच प्रश्नात होते: "पुढचं लहान चाक मोडलं तर सुटं मिळेल का, केवढ्याला?" उंबरठे आणि खड्डे खाऊन पहिलं तेच खिळखिळं होतं. ब्रेक आणि वॉकरच्या रबरी टोप्याही अशाच झिजतात. टोपीच्या तळाचे खाचे सपाट झाले की ओल्या फरशीवर वॉकर सरकतो. ऑनलाइन स्वस्त मिळालेल्या खुर्चीची अडचण इथेच येते: ठरलेल्या मुदतीत ती परत जाते, पण वर्षानं तिचं चाक कुठे मिळायचं? बिलावर मॉडेल आणि वॉरंटी लिहून घ्यावी. गुळगुळीत फरशीवर रिकामी खुर्ची हलकेच ढकलून सोडली की ती सरळ जाते की एका बाजूला ओढते, तेही तिथेच कळतं.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना एकदाच 3,000 रुपये मिळतात. त्यात साधा वॉकर येतो, ॲल्युमिनियमची खुर्ची नाही. ऑपरेशननंतर महिना-दोन महिनेच खुर्ची लागणार असेल, तर अनेक शहरांत संस्था आणि मंडळं रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देतात. तिथून आणलेल्या खुर्चीचेही ब्रेक लावून, ढकलून बघायचे आणि मगच माणूस बसवायचा.