जुना फ्लॅट घेताना पाण्याचा माग काढा

नव्याने रंगवलेला जुना फ्लॅट बघताना माझी नजर आधी कपाटांच्या आत जाते. रंगारी भिंती रंगवतो, पण भिंतीतल्या कपाटाची मागची बाजू आणि ओट्याखालचा कोपरा सहसा सोडून देतो. ओल खरी आहे ती तिथे दिसते. पंचवीस-तीस वर्षांच्या आरसीसी इमारतीत बहुतेक मोठ्या दुखण्यांचं मूळ पाणी असतं. सळया पाण्याने गंजतात, वायरिंग पाण्याने धोक्यात येतं आणि नळाचे पाइप आतून सडले की तेच पाणी भिंतीत उतरतं. म्हणून घर बघायचं ते पाण्याच्या मागावर राहून.

उदाहरणासाठी डोंबिवलीतली एक चार मजली, लिफ्ट नसलेली, १९९४च्या सुमाराची सोसायटी धरू. विकायचा वन बीएचके दुसऱ्या मजल्यावर आहे. दलाल थेट फ्लॅटमध्ये नेऊ लागेल, पण आपण पाच मिनिटं खाली पार्किंगमध्ये थांबावं. इमारतीचा सगळा भार जिथून जमिनीत उतरतो ते कॉलम इथे उघडे दिसतात. कॉलमवर उभी, वरपासून खालपर्यंत सळईच्या रेषेतच गेलेली भेग दिसली, तर आतली सळई गंजते आहे असं समजावं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि बाहेरचं काँक्रीट फोडून काढतो. छोट्या हातोडीने किंवा जाड नाण्याने हलकेच ठोकून बघा. धड काँक्रीट खणखणीत वाजतं आणि सुटलेला थर बद्द, पोकळ आवाज देतो. ताजं प्लॅस्टर मारलेला एखादाच कॉलम असेल तर तो आवर्जून ठोकावा. पाण्याच्या टाक्यांजवळचे आणि डक्टला लागून असलेले कॉलम-बीम सर्वांत आधी बिघडतात.

सगळ्या भेगा मात्र सारख्या नसतात. बीमच्या खाली, वीटकाम जिथे बीमला भिडतं तिथे आडवी, केसासारखी बारीक रेघ जवळपास प्रत्येक जुन्या घरात असते. ती दोन वेगळ्या साहित्यांच्या जोडाची रेघ आहे, तिने घाबरू नये. तिरकी, विटांच्या पायऱ्यांनी चढत गेलेली आणि नाणं आत शिरेल इतकी रुंद भेग मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सोडू नये.

डक्टमध्ये वाकून बघा. ड्रेनेजच्या पाइपांच्या जोडांतून पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं, तर त्या जोडाला वर्षभर पाणी मिळतं आहे. मुळं भेगेत शिरून ती रुंद करत जातात, आणि नुसतं रोप उपटून ते थांबत नाही.

आता घरात जाऊ. आपल्या उदाहरणातल्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे. तिच्यावर गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत रंग फुगलाय आणि कपाटाच्या आत पांढरी पूड सुटलीय. ही पूड म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. पाणी कुठून येतंय ते ठरवायला ऋतू मदत करतो. फक्त पावसाळ्यात ओली होणारी भिंत बाहेरून पाणी पिते. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत आणि तिकडच्या खिडक्यांचे छज्जे आधी तपासावेत. एप्रिलमध्येही ओली राहणारी भिंत आतल्या पाइपांकडे बोट दाखवते.

पुढचा भेदही करता येतो. बाथरूमचा वापर चार-पाच दिवस बंद ठेवला आणि ओल वाळू लागली, तर दोष लादीच्या सांध्यात किंवा नहाणी ट्रॅपपाशी आहे. वापर बंद असूनही ओल तशीच राहिली, तर सतत भरलेला नळाचा पाइप भिंतीत गळत असण्याची शक्यता जास्त. यातून एक सावधगिरी निघते. सहा महिने बंद असलेल्या फ्लॅटची भिंत कोरडी दिसली, तरी त्यावर विसंबू नये. तिथे पाणीच वापरलेलं नाही. मालकाच्या परवानगीने नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी तुंबवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जा.

खालच्या घरी जाणं ही मला या सगळ्या तपासणीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि संकोचामुळे लोक नेमकी तीच टाळतात. “काकू, वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्या बाथरूमचं छत जरा बघू का?” एवढं विचारलं की बहुतेक घरांत आत बोलावतात आणि वरच्या घराचा दहा वर्षांचा इतिहासही कळतो. त्यांच्या छतावरचा डाग उद्या तुमच्या खर्चाचा असेल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती ज्याची त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, तर पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने.

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर तिथे हात लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मुख्य बोर्डावर आरसीसीबी आहे का हे आपणही बघू शकतो. त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं, ते दाबताच वीज तुटली पाहिजे. तुटली नाही, किंवा असं उपकरणच नसेल, तर शॉक लागल्यावर वीज आपोआप तोडणारं काही या घरात नाही. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीत तपासून घ्या. २००० वॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर वीज ओढतो. दिव्या-पंख्यांच्या बारीक वायरवर तो जोडला असेल तर वायर तापते. गीझर वीस मिनिटं चालवून सॉकेटची प्लेट कोमट लागते का, तिच्याभोवती तपकिरी डाग आहे का, हे पाहा. बिलावरचा ‘मंजूर भार’ही वाचा, एसी लावायचा असेल तर तो कदाचित पुरणार नाही.

नळाची परीक्षा सोपी आहे. आधी स्वयंपाकघरातला नळ लावून बादली किती वेळात भरते ते बघा, मग बाथरूमचा नळही सोडून तीच बादली पुन्हा भरा. वेळ फारच वाढला आणि सकाळचं पहिलं पाणी तांबूस आलं, तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेत. ते बदलायचे म्हणजे भिंती फोडणं, लाद्या काढणं आलं. वायरिंगही बदलायचं असेल तर ही दोन्ही कामं एकदमच करावीत.

शेवटी सोसायटीच्या ऑफिसात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवालात ‘सी-१’ असेल तर इमारत राहण्याजोगी नाही. ‘सी-२ए’मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी घर रिकामं करावं लागतं, ‘सी-२बी’मध्ये राहूनच दुरुस्ती होते, आणि ‘सी-३’ला किरकोळ कामं पुरतात. मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्तही वाचा. दुरुस्तीसाठी दर फ्लॅटमागे वर्गणी ठरली असेल तर ती विकणारा भरणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या.

आपल्या उदाहरणात समजा पार्किंगचे कॉलम खणखणीत आहेत, ऑडिट ‘सी-३’ आहे, पण बाथरूम गळतं, अर्थिंग नाही आणि पाइप लोखंडी आहेत. तर मी हे घर घेईन. मात्र बाथरूम उखडून नव्याने करणं, वायरिंग आणि पाइप यांचा अंदाजी खर्च कंत्राटदाराकडून लेखी घेऊन तो किमतीतून वजा करायला सांगेन. उलट घर आतून चकाचक आणि पार्किंगच्या दोन कॉलमवर सळईच्या रेषेतल्या भेगा असतील, तर ते दुरुस्त करणं एकट्याच्या हातात नसतं. सगळे सभासद पैसे काढायला तयार झाले तरच ते होतं, म्हणून तिथे ऑडिट हाती येईपर्यंत टोकनही देऊ नये.