ग्राहकांचं सादरीकरण कर्मचाऱ्यांसाठी बदलताना

छतावरच्या सौर पॅनेलचं ग्राहकांसाठीचं सादरीकरण साधारणपणे 'वीजबिलाची चिंता मिटवा' अशा आवाहनाने सुरू होतं. तेच विक्री आणि सेवा विभागासाठी वापरायचं असेल, तर आधी आवाहनाचा सूर काढून कामाची भाषा आणावी लागते. वरील ओळीच्या जागी मग असं येतं: 'एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, पावसाळ्यात कमी. बिल शून्य होईल असं सांगू नका, स्थिर आकार राहतोच.'

ग्राहकाला न दाखवलेली माहिती इथे भरावी लागते: सवलत किती द्यायची, ती कोण मंजूर करणार, नेहमीच्या तक्रारी कोणत्या. '२५ वर्षांची हमी' पॅनेलच्या वीजनिर्मितीची असते, इन्व्हर्टरची हमी त्याहून बरीच कमी, हा फरक स्पष्ट लिहावा. खरेदी किंमत आणि इतर ग्राहकांची नावं मात्र ज्यांना कामासाठी लागतात त्यांच्यापुरतीच ठेवावीत.

खरा धोका फाइल बाहेर जाण्याचा असतो. स्लाइडखालच्या टिपा आणि आलेखामागचा एक्सेलचा तक्ता फाइलबरोबर जाऊ शकतो. म्हणून अंतर्गत प्रत वेगळ्या नावाने जतन करावी, प्रत्येक पानावर 'फक्त अंतर्गत वापरासाठी' लिहावं आणि ग्राहकाची प्रत कधीही तिच्यावरून बनवू नये.