मालुंक्यपुत्ताची अट

विषारी बाणाची बुद्धाची उपमा मज्झिमनिकायातल्या 63व्या सुत्तात येते. त्याचे नाव चूळमालुंक्यसुत्त. प्रसंग श्रावस्तीजवळच्या जेतवनातला, म्हणजे अनाथपिंडिकाने भिक्षुसंघाला दिलेल्या विहारातला आहे. मालुंक्यपुत्त नावाचा एक भिक्षू तिथे एकांतात ध्यानाला बसला होता. त्याच्या मनात आले की काही गोष्टी भगवंतांनी कधी सांगितल्याच नाहीत, त्या बाजूला ठेवल्या. हे जग कायम टिकणारे आहे की नाही? त्याला शेवट आहे की ते अनंत आहे? जीव आणि शरीर एकच की वेगवेगळे? आणि मृत्यूनंतर तथागत असतो, नसतो, असतोही आणि नसतोही, की असतो असेही नाही आणि नसतो असेही नाही? अशी एकूण दहा मते होतात. त्या काळच्या श्रमण-ब्राह्मणांमध्ये त्यांच्यावर अखंड वाद चालत.

हे मौन मालुंक्यपुत्ताला पटले नाही. उत्तरे मिळाली तर भिक्षू म्हणून राहायचे, नाही मिळाली तर चीवर उतरवून पुन्हा संसारात जायचे, असे त्याने ठरवले. संध्याकाळी ध्यानातून उठून तो बुद्धाकडे गेला आणि मनातले सगळे त्याने तोंडावर सांगितले. जग शाश्वत आहे हे भगवंतांना माहीत असेल तर त्यांनी तसे सांगावे, अशाश्वत आहे हे माहीत असेल तर तसे सांगावे, आणि दोन्ही माहीत नसेल तर माहीत नाही एवढे तरी सरळ म्हणावे. ही मागणी उद्धट वाटली तरी प्रामाणिक आहे, आणि सुत्तकारांनी ती जराही मवाळ न करता जपून ठेवली आहे.

बुद्धाने प्रश्नांना हात न घालता आधी अटीकडे लक्ष वेधले. माझ्याकडे ये, मग या गोष्टी मी तुला सांगेन, असे मी तुला कधी म्हटले होते का, असे त्याने विचारले. मालुंक्यपुत्त म्हणाला, नाही. मग तू तरी दीक्षा घेताना अशी बोली केली होतीस का? तेही नाही. असे असेल तर कोण कुणाला सोडून जाणार, असा उलट प्रश्न बुद्धाने केला. उपमा येते ती यानंतर.

एका माणसाला बाण लागला आहे आणि बाणाला विषाचा जाड लेप दिलेला आहे. मित्र आणि नातेवाईक धावपळ करून शल्यवैद्याला घेऊन येतात. वैद्य बाण काढायला पुढे होतो तोच जखमी माणूस त्याला थांबवतो. बाण मारणारा क्षत्रिय होता, ब्राह्मण होता, वैश्य होता की शूद्र हे कळल्याशिवाय तो बाणाला हात लावू देणार नाही. त्याचे नाव आणि कूळही हवे. तो उंच, बुटका की मध्यम बांध्याचा? काळा, सावळा की सोनेरी कांतीचा? कोणत्या गावचा, कोणत्या नगरातला? मग धनुष्याची पाळी येते: ते साधे होते की कोदंड? त्यानंतर दोरी: ती रुईच्या वाकाची होती, बांबूच्या सालीची, स्नायूची की मूर्वेची? बाणाची काडी रानातली होती की लावून वाढवलेली? पिसे गिधाडाची होती, बगळ्याची, ससाण्याची की मोराची? काडीवर गुंडाळलेला स्नायू गाईचा होता की म्हशीचा? आणि शेवटी बाणाचा प्रकार: नाराच, वासराच्या दातासारख्या टोकाचा, की कण्हेरीच्या पानासारख्या पात्याचा?

ही यादी कुणी मनाने रचलेली दिसत नाही. रुईच्या खोडाचा वाक चिवट असतो आणि दोऱ्या वळायला तो वापरला जाई. मूर्वा या वनस्पतीवरूनच धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी हे नाव पडले. उपमा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धनुर्विद्येतले हे बारकावे नेहमीच्या पाहण्यातले होते. म्हणूनच प्रश्न हास्यास्पद वाटत नाहीत. प्रत्येकाला खरे उत्तर आहे, आणि एखाद्या चौकशी अधिकाऱ्याने ते विचारले असते तर ते योग्यच ठरले असते.

यादीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ती दूर उभ्या असलेल्या धनुर्धराच्या जातीपासून सुरू होते, मग धनुष्य, दोरी, काडी, पिसे, स्नायू अशी एकेक टप्प्याने जखमेकडे सरकत जाते आणि बाणाच्या प्रकारावर येऊन थांबते. बाणाचे टोक मात्र त्याच माणसाच्या मांसात रुतलेले आहे. ते कोणत्या आकाराचे आहे हे नीट पाहायचे तर बाण बाहेर काढावा लागेल, आणि तेच तो करू देत नाही. एवढे सगळे विचारूनही विषाबद्दल तो एक अक्षर विचारत नाही. ते कोणते, किती भिनले आहे, किती वेळ हातात आहे, यातले काहीच त्या यादीत नाही. ही उत्तरे मिळण्याआधीच तो मरून जाईल, एवढे सांगून बुद्ध उपमा संपवतो.

वैद्याच्या बाजूने पाहिले की उपमा अधिक उलगडते. पालीत बाणाला ‘सल्ल’ म्हणतात आणि बाण काढणाऱ्या वैद्याला ‘सल्लकत्त’. संस्कृतातले शल्य ते हेच. शरीरात घुसलेली आणि पीडा देणारी कोणतीही बाहेरची वस्तू म्हणजे शल्य, आणि ती काढण्याची विद्या म्हणजे शल्यतंत्र. मराठीतली शल्यक्रिया आणि मनात सलणारे शल्य हे दोन्ही शब्द याच मुळातून आले आहेत. सुश्रुतसंहितेत शल्य काढण्याच्या दोन दिशा सांगितल्या आहेत. प्रतिलोम म्हणजे शल्य जिथून शिरले त्याच वाटेने मागे ओढणे, आणि अनुलोम म्हणजे ते पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने काढणे. पात्याला उलटे काटे असतील तर ते मागे ओढताना मांस फाटते. म्हणजे टोकाचा आकार वैद्यालाही हवाच असतो. जखमी माणसाचा शेवटचा प्रश्न आणि वैद्याचा पहिला प्रश्न जवळजवळ एकच आहे. वैद्य मात्र तो सळईने जखम चाचपत सोडवतो, तर रुग्ण तोच प्रश्न अट म्हणून आडवा घालतो.

हे चाचपणे मज्झिमनिकायातच आणखी एका ठिकाणी सविस्तर आले आहे. 105व्या सुनक्खत्तसुत्तात पुन्हा विषारी बाण लागलेला माणूस आहे, पण तो उपचार नाकारत नाही. वैद्य शस्त्राने जखमेचे तोंड मोठे करतो, सळईने बाण शोधतो, तो उपसतो आणि विष काढून टाकतो. मग पथ्य सांगतो. जखमेला बाधेल असे खायचे नाही. वेळोवेळी ती धुवायची आणि मलम लावायचे. पू आणि रक्त साचून तोंड बंद होऊ द्यायचे नाही. वाऱ्याउन्हात हिंडून जखमेत धूळ जाऊ द्यायची नाही. आता मी बरा झालो असे समजून रुग्ण पथ्य मोडतो, तेव्हा जखम सुजते आणि त्याच्या जिवावर बेतते. या सुत्तात प्रत्येक गोष्टीचा अर्थही दिलेला आहे: बाण म्हणजे तृष्णा, विष म्हणजे अविद्या, सळई म्हणजे स्मृती, शस्त्र म्हणजे प्रज्ञा, आणि वैद्य म्हणजे तथागत. चूळमालुंक्यसुत्तात असे अर्थ सांगितलेले नाहीत. पण दोन्ही उपमा शेजारी ठेवल्या की पहिल्या माणसाने नक्की काय नाकारले ते स्पष्ट दिसते.

उपमेनंतर बुद्ध दहा मतांकडे येतो. जग शाश्वत ठरले म्हणून धर्माचरण शक्य होते असे नाही, आणि अशाश्वत ठरले म्हणूनही नाही. कोणतेही मत खरे निघाले तरी जन्म, म्हातारपण, मरण आणि शोक आहेतच, आणि याच जन्मात त्यांचा अंत कसा होईल हे तो सांगतो. ती मते न सांगण्याचे कारण म्हणजे ती या कामाला उपयोगी नाहीत, त्यांनी वैराग्य येत नाही आणि मन शांत होत नाही. दुःख, दुःखाचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग या चार गोष्टी मात्र सांगितल्या आहेत.

या उत्तराबाबत दोन गैरसमज फार पूर्वीपासून होत आले आहेत. पहिला असा की बुद्धाला उत्तरे माहीतच नव्हती. ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादांच्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात राजा हेच विचारतो: आपण मूठ झाकून शिकवत नाही असे बुद्ध म्हणतो आणि मालुंक्यपुत्ताला मात्र उत्तर देत नाही, मग हे अज्ञान की लपवाछपवी? नागसेन त्याला प्रश्नांचे चार प्रकार सांगतो. काहींना थेट उत्तर द्यायचे असते, काही फोड करून सोडवायचे असतात, काहींना उलट प्रश्नानेच उत्तर द्यायचे असते आणि काही बाजूला ठेवायचे असतात. मालुंक्यपुत्ताचे प्रश्न शेवटच्या प्रकारातले, कारण त्यांना उत्तर देण्याजोगे काही प्रयोजन नव्हते.

दुसरा गैरसमज असा की या उपमेने ते प्रश्नच निरर्थक ठरवले. तसे सांगणारी उपमा वेगळी आहे आणि ती 72व्या सुत्तात वच्छगोत्ताला सांगितली आहे. तिथे विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला, पूर्वेला की पश्चिमेला, असे बुद्ध विचारतो. तो प्रश्न अग्नीला लागूच पडत नाही, हे वच्छगोत्ताला कळते. बाणाच्या उपमेत मात्र मारणाऱ्याला खरोखर एक नाव आहे, धनुष्याला खरी दोरी आहे. उत्तरे कुठेतरी आहेत आणि जखम भरल्यावर त्यांचा शोध घेता आला असता. उपमा बोट ठेवते ते फक्त अटीवर, उपचार उत्तरांना टांगून ठेवण्यावर. तिच्यातून विश्वाबद्दलचा निष्कर्ष काढायला गेले तर ती तेवढे ओझे पेलत नाही.

हे सुत्त पालीपुरते राहिले नाही. इसवी सन 397-98 मध्ये चिनी भाषेत आणलेल्या मध्यम आगमात ते आहे, आणि तिथे त्याला नाव उपमेवरूनच पडले आहे: बाणाच्या दृष्टांताचे सूत्र. भिक्षूच्या नावापेक्षा बाणच लोकांच्या लक्षात राहिला.

सुत्ताच्या शेवटी मालुंक्यपुत्ताला भगवंतांचे बोलणे आवडले, एवढेच म्हटले आहे. तो पुन्हा भेटतो संयुत्तनिकायात, आता खूप म्हातारा झालेला. एकांतात साधना करायची आहे, तेव्हा थोडक्यात धर्म सांगावा, अशी विनंती तो करतो. तू या वयात थोडक्यात मागतोस, मग तरुण भिक्षूंना काय सांगायचे, असे बुद्ध त्याला म्हणतो आणि तरीही सांगतो. या वेळी मालुंक्यपुत्ताची काही अट नाही. पाहिलेल्यात फक्त पाहिलेले, ऐकलेल्यात फक्त ऐकलेले राहावे, एवढाच तो उपदेश असतो. तो घेऊन मालुंक्यपुत्त एकटा निघून जातो आणि काही काळाने अर्हत होतो.