ड्रायव्हिंग क्लासची फी परत मागताना

मोटर ड्रायव्हिंग स्कूलची फी बहुधा एकरकमी ठरते. त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: गाडी शिकवण्याचे तास, लर्निंग आणि पक्क्या लायसनसाठी आरटीओत भरायचे सरकारी शुल्क, आणि ‘ट्रायल’च्या दिवशी शाळेने गाडी व शिक्षक देण्याची हमी. परतावा मागताना पहिलं काम म्हणजे हा आकडा फोडणं. तो फोडला नाही तर शाळा ‘थोडं तरी शिकवलं होतं’ म्हणते, विद्यार्थी ‘सगळे पैसे द्या’ म्हणतो आणि बोलणं तिथेच अडतं.

किती शिकवायचं, हे शाळेच्या मर्जीवर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 31 नुसार कारसारख्या खासगी वाहनाचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास 10 पेक्षा कमी नसावेत. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं चालवणं पाहण्यात गेलेला वेळ म्हणजे प्रत्यक्ष चालवणं नव्हे. एका गाडीत तीन विद्यार्थी घेऊन निघणाऱ्या शाळांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. तासाभराच्या फेरीत प्रत्येकाच्या हाती स्टिअरिंग जेमतेम वीस मिनिटं येतं, पण कार्डावर तिघांचाही अख्खा तास लागतो.

हे उघड करणारा कागद शाळेकडेच असतो. फॉर्म 15 ही प्रत्येक विद्यार्थ्याने गाडी चालवलेल्या तासांची नोंदवही आहे. तीत तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार आणि सह्या असतात. परताव्याच्या भांडणात एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि खोटा करायला इतका सोपाही नाही. पहिल्याच दिवशी ‘फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून सगळ्या रकान्यांवर सह्या घेतल्या जातात. पुढे तीच पानं ‘दहा तास पूर्ण’ असं सांगतात. म्हणून आगाऊ सही न केलेली बरी. केली असेल, तर रद्द झालेल्या फेऱ्यांचे मेसेज जपून ठेवावेत. ‘उद्या गाडी सर्व्हिसिंगला आहे’, ‘सर सुट्टीवर आहेत’ अशा तारीखवार ओळी त्या सह्यांना छेद देतात.

एक नमुना हिशेब पाहू. समजा, नाशिकमधल्या एका नोकरदार बाईंनी 8,000 रुपये भरले. पावतीवर फोड अशी होती: प्रशिक्षण 6,500, ट्रायलची गाडी 800, सरकारी शुल्क 700. अर्ध्या तासाच्या वीस फेऱ्या ठरल्या होत्या, झाल्या सहा. ट्रायलची अपॉइंटमेंट दोनदा घ्यायला लावून दोन्ही वेळा गाडी आली नाही, आणि सहा महिन्यांची मुदत भरून लर्निंग लायसन संपलं. प्रशिक्षणाच्या एका फेरीचा दर 325 रुपये पडतो. चौदा फेऱ्या झाल्याच नाहीत, त्यांचे 4,550 रुपये. गाडीचे 800 पूर्ण. सरकारी शुल्कापैकी लर्निंगचे 200 रुपये खरोखर भरले गेले. ट्रायलचे 300 आणि लायसनचे 200 शाळेने भरलेच नव्हते, म्हणून ते 500. नव्या लर्निंगसाठी पुन्हा लागणारे 200 रुपये शाळेच्या चुकीमुळे झालेलं नुकसान म्हणून धरता येतात. एकूण 6,050. झालेल्या सहा फेऱ्यांचे पैसे सोडून दिल्यामुळे दावा उलट बळकट होतो, कारण समोरच्याला खोडायला सोपी जागा उरत नाही. मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च स्वतंत्रपणे मागता येतो. तो आकडा मूळ दाव्याशी सुसंगत ठेवावा. सहा हजारांच्या फीवर दोन लाखांची मागणी केली की मूळ मुद्दाच हलका पडतो.

हमीची मात्र एक बाजू अवघड आहे. ‘ट्रायल पास करून देऊ’ असं आश्वासन देऊन शाळेने वरचे पैसे घेतले असतील आणि ते ‘आतल्या सेटिंग’साठी होते हे उघड असेल, तर ते परत मागण्यासाठी कायद्याचा आधार मिळणं कठीण. बेकायदेशीर कामासाठीचा करार न्यायालय राबवत नाही. गाडी देणं, अपॉइंटमेंट घेणं, ट्रायलच्या आधी ट्रॅकवर सराव करून घेणं या सेवा मात्र वैध आहेत आणि त्या न दिल्यास दावा टिकतो. विद्यार्थी स्वतःच ट्रायलमध्ये नापास झाला, तर त्याचा दोष शाळेवर जात नाही.

मागणी आधी लेखी करावी. रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवलेल्या पत्रात पावतीची तारीख, ठरलेल्या आणि झालेल्या फेऱ्या, वरचा हिशेब आणि पैसे देण्याची मुदत एवढं पुरे. शाळेचं ठरलेलं उत्तर असतं, ‘पावतीवर छापलंय, फी परत मिळणार नाही.’ ती ओळ पुढे करून न दिलेल्या सेवेचे पैसे पचवता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी ठरते. शिवाय सेवा मागे घेतल्यावर किंवा बंद केल्यावर बिलात ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं हा अनुचित व्यापारी प्रथेचा भाग आहे. तक्रारीत भर याच दोन मुद्द्यांवर ठेवावा. ‘पावतीवरची अट अन्यायकारक करार आहे म्हणून रद्द करा’ अशी मागणी जोडली की अधिकारक्षेत्राचा वाद निघतो, कारण अन्यायकारक कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जातात.

पत्राला उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, शाळेशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. आरटीओकडे तक्रार केल्यास तिथले अधिकारी नोंदवह्या तपासू शकतात आणि नियमभंग दिसला तर शाळेचा परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात, पण फी परत देण्याचा आदेश त्यांच्या हातात नाही. तरीही तपासणीची धास्ती पुष्कळदा पुरते.

पैसे मिळवून देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत, ई-जागृती पोर्टलवरून करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. शाळा दुसऱ्या शहरात असली तरी तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. शाळेला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, आणखी जास्तीत जास्त 15. फॉर्म 15 हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागावा. नोंदवही आणली नाही, तर ते मौन तक्रारदाराच्या बाजूने जाऊ शकतं; आणली आणि एकाच शाईत, एकाच दिवशी केल्यासारख्या सह्या दिसल्या, तर मेसेज शेजारी ठेवून तफावत दाखवता येते. कायद्याने ठरवलेली तीन महिन्यांची मुदत प्रत्यक्षात बरेचदा लांबते.

आदेश विरोधात गेल्यास शाळेला 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.