दोन मिनिटं, एक काजल, दोन हजार रुपये

छोट्या संस्थेला देणगीसाठी फिल्म करायची असते, तेव्हा पहिल्या बैठकीत विश्वस्त, कार्यकर्ते आणि एखादे हौशी कवी असे सगळे मिळून जे लिहून काढतात, ते वाचायला सात मिनिटं लागतात. संस्थेची स्थापना, संस्थापकांचं शिक्षण, पाच उपक्रम, मिळालेले पुरस्कार आणि शेवटी ‘यथाशक्ती मदत करावी’ ही विनंती, असा सगळा ऐवज त्यात असतो. दोन मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये यातलं जवळजवळ काहीच राहत नाही. मराठी निवेदन सावकाश आणि स्पष्ट वाचलं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द बसतात. चित्राला थोडी शांतता द्यायची म्हटलं की दोन मिनिटांत दीडशे-पावणेदोनशे शब्द हातात उरतात. म्हणजे पोस्टकार्डाच्या एका बाजूवर दाटीनं लिहिता येईल एवढा मजकूर. त्यात माणूस उभा करायचा, त्याची अडचण सांगायची आणि पैसेही मागायचे.

हे कसं होतं ते एक उदाहरण घेऊन पाहू. बीड जिल्ह्यातल्या एका गावात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी छोटी संस्था आहे, असं समजा. संस्था आणि तिचा हिशेब कल्पित, पण प्रश्न खराच आहे. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. मुलं सोबत गेली की शाळेचं दुसरं सत्र पूर्ण बुडतं. मूल गावातच राहिलं, त्याला जेवण आणि झोपायला सुरक्षित जागा मिळाली, तर वर्ष वाचतं.

फिल्ममध्ये किती मुलं दाखवायची, हा पहिला वाद. संस्थेकडे पंचवीस मुलं आहेत, सगळी यायला हवीत असं कार्यकर्त्यांना वाटतं. पण एकच पात्र ठेवण्याचा आग्रह उगाच धरला जात नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग निधी जमवणाऱ्या मंडळींत वारंवार सांगितला जातो. त्यात लोकांना आधी एक प्रश्नावली भरायला दिली, त्याचे पाच डॉलर दिले आणि मग देणगीचं पत्र वाचायला दिलं. काहींच्या पत्रात आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे होते, काहींच्या पत्रात माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती होती. आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. खरी गंमत तिसऱ्या गटाची. त्यांना रोकिया आणि आकडे दोन्ही दिले होते, त्यांनी १.४३ डॉलर दिले. म्हणजे आकडे जोडल्यावर गोष्टीचं वजन वाढण्याऐवजी घटलं.

या प्रयोगावर डोळे झाकून विसंबू नये. नंतर इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. तरी ॲनिमेशनमध्ये एका पात्राला दुसरं, अगदी व्यवहारी कारणही आहे. दोन मिनिटं म्हणजे सेकंदाला चोवीस या हिशेबानं २,८८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं ठरवलं तरी १,४४० चित्रं होतात. कमी खर्चात पात्राचे हात, पाय, डोळे वेगवेगळे काढून ते हलवण्याची पद्धत वापरतात, पण तिथेही प्रत्येक नव्या पात्राची समोरून, बाजूनं आणि तिरकी अशी रूपं, कपडे, चालण्याची ढब पुन्हा बसवावी लागते. दुसरं पात्र आणलं की पैसे तिकडे जातात आणि पहिल्याचे हावभाव कच्चे राहतात.

म्हणून चेहरा फक्त काजलला. वय नऊ, इयत्ता चौथी. आई-बाबा पाठमोरे किंवा त्यांचे नुसते हात, धाकटा भाऊ झोळीत. बोलणारं पात्र नको, निवेदकाचा आवाज पुरे. त्यामुळे ओठांच्या हालचाली शब्दांशी जुळवण्याचं वेळखाऊ काम टळतं आणि तीच फिल्म पुढे दुसऱ्या भाषेतही नेता येते.

स्क्रिप्ट दोन स्तंभांत लिहितात. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. दोन्हीकडे तेच लिहिलं गेलं की एकीकडचं खोडायचं. ‘काजल उदास आहे’ हे वाक्य उजवीकडे आलं, तर डावीकडच्या चित्रकाराचं काम फुकट गेलं.

पहिलं दृश्य संस्थेच्या बोधचिन्हाचं नको. फोनवर बघणारा तेवढ्यात पुढे सरकतो. पहिल्याच क्षणी काजल दिसावी, वहीवर वाकलेली. आवाज: “काजल चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी भागाकार शिकवायला घेतला. काजलची तीन गणितं बरोबर आली, चौथं अर्धं राहिलं.” दृश्य बदलतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाठोड्यांवर ती बसली आहे, मांडीवर तीच वही. “सुट्टी संपली. शाळा उघडली. काजल मात्र आई-बाबांबरोबर ऊसतोडीला निघाली.” मग उसाचा फड, कोपी, झोळी. “इथे तिचं काम ठरलेलं. पाणी आणायचं, भावाला सांभाळायचं, वाढे गोळा करायचे.”

इथे साधारण चाळिसावं सेकंद येतं, आणि इथेच बहुतेक संहिता घसरतात. काजलला रडवायचा, आजारी पाडायचा, कोयता लागून रक्त दाखवायचा मोह होतो. माझ्या मते तो टाळावा. रडणाऱ्या मुलीची कीव येते. अर्ध्या राहिलेल्या गणिताबद्दल उत्सुकता वाटते, आणि पुढचं मिनिटभर बघणाऱ्याला धरून ठेवायला ती जास्त कामाची. म्हणून पुढची दहा सेकंदं आवाज पूर्ण बंद. वहीची पानं उलटतात: चौथं गणित अर्धं, मग कोरं पान, कोरं पान, कोरं पान. वरच्या कोपऱ्यात महिने बदलतात, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

“यंदा काजल गावातच राहिली, वसतिगृहात. सकाळ-संध्याकाळ गरम जेवण. दुपारी शाळेतला आहार. रात्री निजण्याआधी आईला फोन.” पडद्यावर पानं उलट्या दिशेनं येतात आणि चौथं गणित पुरं होतं. कसली घोषणा नाही, टाळ्या नाहीत.

आता नव्वदावं सेकंद आणि मागणी. ‘वह्या द्या, धान्य द्या, स्वयंसेवक व्हा, आमचं पान फॉलो करा’ अशी चार कामं सांगितली की बघणारा त्यातलं सगळ्यात स्वस्त काम करतो, म्हणजे फॉलो करतो. मागणी एकच असावी आणि तिचा आकडा खऱ्या हिशेबातून यावा. आपल्या कल्पित वसतिगृहाचा महिन्याचा खर्च मांडू: किराणा, भाजी, दूध ३०,००० रुपये, स्वयंपाकीण ताई ८,५००, रात्री मुलांसोबत राहणाऱ्या मावशी ९,०००, गॅस, वीज, साबण २,५००. एकूण ५०,०००, भागिले पंचवीस मुलं, म्हणजे दरमहा दरडोई २,००० रुपये. कोणीतरी हमखास सुचवतं की फक्त अन्नाचे १,२०० सांगू, लोकांना परवडेल आणि भावेलही. पण मग स्वयंपाकीण ताईंचा पगार कुठून द्यायचा? अन्नाच्या नावानं आलेले पैसे पगाराकडे वळवले तर तो देणगीदाराला दिलेल्या शब्दाचा भंग, आणि ऑडिटमध्येही त्याचं उत्तर द्यावं लागतं.

म्हणून निवेदन असं: “एका मुलीला एक महिना गावात, शाळेत ठेवायला दोन हजार रुपये लागतात. जेवण, निवारा आणि सांभाळणारी मावशी, सगळं त्यात आलं. आज एका महिन्याचे दोन हजार रुपये द्या.” अख्ख्या फिल्ममध्ये पैशाचा आकडा हाच एक. ‘आज’ हा शब्दही मुद्दाम आहे. त्यानंतर बोलणं बंद आणि किमान दहा सेकंद पडदा स्थिर.

त्या स्थिर पडद्यावर बहुतेक संस्था फक्त क्यूआर कोड ठेवतात. फिल्म ज्या फोनवर बघतोय त्याच फोननं तो कोड स्कॅन कसा करणार? सभागृहात मोठ्या पडद्यासाठी कोड ठीक, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीसोबत संदेशात देणगीच्या अर्जाची लिंक हवीच. अर्ज लागतो याचं दुसरंही कारण आहे. यूपीआयनं नुसते पैसे आले तर देणगीदाराचा पॅन आणि पत्ता संस्थेला कळत नाही, आणि त्याशिवाय करसवलतीचं प्रमाणपत्र देता येत नाही. मंडळी चिडतात ती इथे, फिल्मवर नव्हे. आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी मागणीचं वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

फिल्म न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही पोचणार, हे लिहितानाच गृहीत धरायला हवं. परदेशात राहणारे पण भारताचं नागरिकत्व असलेले लोक आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतात ती रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे मात्र परदेशी ठरतात. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाहीत. छोट्या संस्थांकडे बहुधा ती नसते. तेव्हा अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न ठेवावा आणि फिल्मसोबतच्या संदेशात तसं स्पष्ट लिहावं.

शेवटच्या आठ सेकंदांत संस्थेचं नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि एक वाक्य: ‘काजल हे पात्र अनेक मुलींच्या अनुभवांवरून रचलं आहे.’ ॲनिमेशनचा मोठा फायदा इथे आहे. कुठल्याही खऱ्या मुलीचा चेहरा, गाव, घरची उचल जगापुढे येत नाही. पण काजल खरी मुलगी आहे असं भासवायचं नाही. ‘काजलला दत्तक घ्या’ लिहिलं की दुसऱ्या महिन्यात कोणीतरी तिला भेटायला येतं.

रंगीत काम सुरू होण्याआधी साध्या पेन्सिल चित्रांवर कच्चा आवाज बसवून ॲनिमॅटिक करतात. संस्थेशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना ते एकदाच दाखवावं आणि विचारावं: किती पैसे मागितले, कशासाठी? कोणी ‘मुलांच्या शिक्षणासाठी काहीतरी’ असं म्हणालं तर मागणी पोचलेली नाही, शब्द कापायचे. ‘फार छान, डोळ्यांत पाणी आलं’ हे उत्तर या टप्प्यावर निरुपयोगी आहे. या वेळी वाक्य बदलायला एक संध्याकाळ पुरते. रंगवून झाल्यावर तेच वाक्य बदलायला दृश्यं नव्यानं करावी लागतात.

मुलं दिवाळीनंतर गाव सोडतात. त्यामुळे अशी फिल्म दसऱ्याच्या सुमारास लोकांच्या फोनवर पोचायला हवी, आणि त्यासाठी तिची स्क्रिप्ट आषाढातच पक्की करा.