अनडू केल्यावर एक अक्षर टाइप केलं, की रीडू का बंद पडतं?

लिहिता लिहिता एखादा परिच्छेद चुकून खोडला गेला, तर Ctrl+Z दाबून तो परत आणता येतो. गरजेपेक्षा जास्त मागे गेलो, तर Ctrl+Y दाबून पुढेही येता येतं. पण मागे गेल्यावर एक अक्षर जरी टाइप केलं, तरी रीडूचं बटण फिकट पडतं आणि पुढचे सगळे बदल जातात. अनेकांना हा एडिटरचा दोष वाटतो. खरं तर एडिटरने तसं केलं नाही, तर आपला मजकूरच बिघडेल.

एडिटर सहसा प्रत्येक बदलानंतर सगळ्या मजकुराची प्रत काढून ठेवत नाही. तो बदलाची छोटी नोंद ठेवतो: घातलं की खोडलं, कितव्या जागी आणि कोणती अक्षरं. खोडलेली अक्षरंही नोंदीत जपावी लागतात, नाहीतर परत आणायचं काय? अशी नोंद हाताशी असली, की घातलेलं काढता येतं आणि काढलेलं पुन्हा घालता येतं.

या नोंदी दोन चळतींत रचलेल्या असतात. पंगतीच्या ताटांसारखं, शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. अनडू केलं, की पहिल्या चळतीवरची वरची नोंद उचलायची, तिच्या उलट कृती करायची आणि ती नोंद दुसऱ्या चळतीवर ठेवायची. रीडू केलं, की दुसरीवरची नोंद उचलून कृती पुन्हा करायची आणि नोंद पहिलीवर परत ठेवायची.

आता एक उदाहरण घेऊ. मजकूर आहे ‘सभा आहे’. जागा शून्यापासून मोजायच्या. काना, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागा यांनाही संगणक वेगळा क्रमांक देतो. म्हणून ‘सभा’ ० ते २, मोकळी जागा ३ आणि ‘आहे’ ४ पासून सुरू. आपण जागा ४ वर ‘आज’ आणि मोकळी जागा घातली, मग जागा ७ वर ‘पुण्यात’ आणि मोकळी जागा. झालं ‘सभा आज पुण्यात आहे’. एकदा अनडू केलं. ‘पुण्यात’ गेलं आणि ‘जागा ७ वर पुण्यात घाला’ ही नोंद रीडूच्या चळतीवर आली.

आता सुरुवातीला ‘वार्षिक’ आणि मोकळी जागा टाइप केली: ‘वार्षिक सभा आज आहे’. इथे रीडूची नोंद शिल्लक राहिली आणि कुणी Ctrl+Y दाबलं, तर? नव्या मजकुरात जागा ७ म्हणजे ‘वार्षिक’ शब्दाला लागून. हाती येईल ‘वार्षिकपुण्यात  सभा आज आहे’. नोंद जशीच्या तशी होती, पण ती ज्या मजकुरासाठी लिहिली होती, तो मजकूरच आता राहिला नाही. खोडण्याची नोंद असती, तर भलतीच अक्षरं उडाली असती. म्हणून नवा बदल झाला, की रीडूची चळत रिकामी करायची:

```
def edit(op):
    apply(op)
    undo_stack.append(op)
    redo_stack.clear()
```

शेवटची ओळ राहून गेली, तर चूक लगेच दिसत नाही. ती पकडायला काहीतरी टाइप करा, अनडू करा, दुसरीकडे एक अक्षर घाला आणि रीडू दाबा. मजकूर जरासाही हलता कामा नये. उलट्या बाजूची चूकही नवशिक्या प्रोग्रॅमरकडून होते: उलट कृती करण्यासाठी अनडूच `edit` ला बोलावतं. मग प्रत्येक अनडू हाच नवा बदल ठरतो, रीडूच्या चळतीवरच्या आधीच्या नोंदी तिथल्या तिथे जातात आणि रीडू नीट चालत नाही. म्हणून अनडू आणि रीडूने मजकूर थेट `apply` मधून बदलायचा, `edit` मधून नाही.

दोन चळतींची मर्यादा मात्र खरी आहे: इतिहासाची एकच वाट टिकते. ‘विम’ या एडिटरने २००६ सालच्या ७.० आवृत्तीपासून इतिहास झाडासारखा ठेवायला सुरुवात केली. तिथे मागे जाऊन नवं टाइप केलं, की नवी फांदी फुटते आणि जुनीही राहते. `g-` आणि `g+` या आज्ञांनी काळाच्या क्रमाने सगळ्या अवस्थांतून फिरता येतं. प्रत्येक फांदीवरची नोंद तिच्याच मजकुरावर चालते, म्हणून गोंधळ होत नाही.

नेहमीच्या एडिटरमध्ये जुनं वाक्य हवं असेल, तर अनडू करत तिथवर जा, वाक्य निवडून कॉपी करा आणि काहीही टाइप न करता रीडू करत परत या. निवडणं आणि कॉपी करणं यांनी मजकूर बदलत नाही, त्यामुळे रीडूची चळत शाबूत राहते. पुढे पोहोचलात, की ते वाक्य हवं तिथे पेस्ट करा.