नेहमीची जागा, पण कोणाची?

दादरला भेटायचे ठरवणाऱ्या दोन मित्रांची ही छोटी गोष्ट. एकाने निरोप धाडला, "सहा वाजता, नेहमीच्या जागी." दुसऱ्याचे उत्तर, "हो." सहाला पहिला पूर्वेला स्वामीनारायण मंदिरासमोर उभा होता, कॉलेजच्या दिवसांत ते तिथेच भेटत. दुसरा पश्चिमेला कबुतरखान्यापाशी, कारण अलीकडच्या भेटी तिथे झाल्या होत्या. गोम त्या "हो"मध्ये होती. होकार मिळाल्यावर जागा विचारावी असे कोणालाच वाटले नाही.

सव्वासहाला फोन झाला. "मी केव्हाचा आलोय." "अरे, मीही!" दोघे पोचलेले, तरी दिसत नाहीत, हीच घोटाळ्याची खूण. "थांब, येतो," म्हणून दोघांनी फोन ठेवला. एक टिळक पुलावरून निघाला, दुसरा स्टेशनच्या पुलावरून, आणि नुसती अदलाबदल झाली.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या पुस्तकात अशाच प्रश्नाची चर्चा केली आहे. आधी न ठरवता न्यूयॉर्कमध्ये कुठे भेटाल, असे विचारल्यावर अनेकांनी ग्रँड सेंट्रल स्टेशनची चौकशी खिडकी सांगितली. तिथे एकच ठळक जागा पुढे येते. जुन्या मित्रांकडे अशा दोन असतात. चुकामूक झालीच, तर एकाने हलू नये.